धागा: ०.२१ म्हणजे परीक्षा निकामी आणि ०.५० म्हणजे सराव कामाचा? एका पेपरातले दोन सहसंबंध

ठिपकेवाली

मंडळी, गुरुवारी आमच्या वाचनगटात मला एक पेपर मांडायचा आहे आणि मी दोन आकड्यांपाशी अडकले आहे. पेपराचं नाव देत नाही. लेखकांना पत्र पाठवलंय, उत्तर येईपर्यंत उगाच गवगवा नको.

थोडक्यात मामला असा. एका अभ्यासक्रमाच्या प्रवेश परीक्षेला ६४० जण बसले. वरच्या ७१ जणांना प्रवेश मिळाला. त्यातले ६२ जण पहिल्या वर्षाच्या परीक्षेला बसले. या ६२ जणांचे प्रवेश परीक्षेतले गुण आणि पहिल्या वर्षाचे गुण यांचा सहसंबंध ०.२१ आला. लेखक म्हणतात, 'संबंध नगण्य, तेव्हा प्रवेश परीक्षा काहीच भाकीत करत नाही'.

पुढे याच ६२ पैकी २५ जणांनी आठवड्याला किती तास सराव केला याची नोंद ठेवली होती. सरावाचे तास आणि गुण यांचा सहसंबंध ०.५०, पी व्हॅल्यू ०.०११. निष्कर्ष: परीक्षा बंद करा, सराव मोजा.

माझ्या मनात पाल चुकचुकतेय ती पहिल्या आकड्याबद्दल. सगळे ६४० जण परीक्षेत चांगले-वाईट पसरलेले होते, पण हे ६२ सगळेच वरचे. मग त्यांच्यात फरक दिसणार तरी कसा? पण ही शंका आकड्यांत कशी मांडायची ते कळत नाहीये. आणि दुसऱ्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा का?

आडवातिडवा

आधी जागा पकडून बसतो. सहसंबंधाच्या धाग्यावर शंभरी गाठायला वेळ लागत नाही.

शंकासुर

सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे! हे कितीदा सांगायचं? सराव केल्यामुळे गुण मिळाले की हुशार मुलं मुळातच जास्त सराव करतात, हे पेपरावरून कळणारच नाही. विषय संपला.

ठिपकेवाली

शंकासुर, तुमचं बरोबर आहे, पण माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. कारण कोणतं ते नंतर बघू. आधी तो ०.२१ आणि तो ०.५० हे आकडे तरी खरे आहेत का?

शंकासुर

अच्छा, आकडाच संशयित आहे होय. मग बसतो वाचत.

कोरा_कागद

ताई, सोपं आहे. पिअर्सन सोडा, स्पिअरमन लावा. तो क्रमांकांवर चालतो, त्यामुळे आउटलायर वगैरेचा त्रास होत नाही. आम्ही तर सरसकट तेच करतो. दोन्ही प्रश्न एका फटक्यात सुटतात.

विदावेल्हाळ

कोरा_कागद, अर्धं बरोबर. दुसऱ्या आकड्याला तुमचा उपाय कदाचित लागू पडेल, पहिल्याला अजिबात नाही. वरच्या ६२ जणांना १ ते ६२ क्रमांक दिले तरी खालचे पाचशेच्यावर लोक गैरहजर ते गैरहजरच. जे विदेत नाहीतच, त्यांना क्रमांक कुठून देणार?

ठिपकेवाली, पेपरात प्रमाण विचलन दिलंय का? प्रवेश परीक्षेच्या गुणांचं, सगळ्या अर्जदारांसाठी वेगळं आणि प्रवेश मिळालेल्यांसाठी वेगळं. शिवाय पहिल्या वर्षाच्या गुणांचंही. तेवढं मिळालं तर कॅल्क्युलेटरवर काम होईल.

ठिपकेवाली

हो काका, तक्ता १ मध्ये आहे.

सगळे अर्जदार: सरासरी ५४, एसडी १२.
६२ जण: सरासरी ७४, एसडी ५.
पहिल्या वर्षाचे गुण (६२ जण): सरासरी ६०, एसडी १०.

विदावेल्हाळ

झकास. लेखकांनी हे छापलं हा त्यांचा मोठेपणा. बरेच जण निवडलेल्यांचंच विचलन देतात आणि मग हात बांधले जातात.

आता सूत्र बाजूला ठेवा, आधी चित्र डोळ्यासमोर आणा. आडव्या अक्षावर प्रवेशाचे गुण, उभ्यावर पहिल्या वर्षाचे. ६४० ठिपक्यांचा एक लांबट, तिरका ढग आहे असं समजा. त्यातल्या उजव्या टोकाची एक अरुंद पट्टी कापून घेतली. ढगाचा तिरकेपणा त्या पट्टीतही तेवढाच आहे. एका गुणामागे सरासरी किती गुण वाढतात, तो उतार बदललेला नाही. रेषेच्या वरखाली ठिपके जितके विस्कटलेले होते तितकेच याही पट्टीत आहेत. बदलली ती फक्त पट्टीची रुंदी. चढायला जागाच उरली नाही, त्यामुळे चढ विस्कटलेपणात बुडून गेला. सहसंबंध मोजतो तो चढ आणि विस्कटलेपणा यांचं प्रमाण, म्हणून तो घसरला.

आता तुमचे आकडे. उतार म्हणजे सहसंबंध गुणिले उभं विचलन भागिले आडवं विचलन: ०.२१ × १० ÷ ५ = ०.४२. प्रवेशाचा एक गुण वाढला की पहिल्या वर्षाचे सरासरी ०.४२ गुण वाढतात. हे ६२ जणांत खरं असेल तर ६४० जणांतही खरं धरू.

विस्कटलेपणा: एकूण वर्ग-विचलन १००. त्यातला रेषेने उचललेला वाटा ०.२१ चा वर्ग, म्हणजे साधारण ४.४ टक्के. उरले ९५.६.

आता सगळे ६४० जण पहिल्या वर्षाला बसले असते तर? आडवं विचलन १२. रेषेने उचललेलं विचलन ०.४२ × १२ = ५.०४, त्याचा वर्ग २५.४. त्यात विस्कटलेले ९५.६ मिळवा, झाले १२१. वर्गमूळ ११. सहसंबंध ५.०४ ÷ ११ = ०.४६.

तोच उतार, तोच विस्कटलेपणा. ०.२१ चे ०.४६ झाले ते केवळ पट्टी रुंद केल्याने. परीक्षेचं काम ६४० मधून माणसं निवडण्याचं होतं, ७१ मध्ये आपापसात क्रम लावण्याचं नव्हे. तेव्हा तिला जोखायचं तर ०.४६ ने जोखा.

आडवातिडवा

म्हणजे फक्त सहा फुटांच्या वरची माणसं संघात घ्यायची, आणि मग म्हणायचं की आमच्या संघात उंचीचा खेळाशी काही संबंध दिसत नाही. नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं, इथे अंगणच वीतभर ठेवलंय.

कोरा_कागद

विदावेल्हाळ, मान्य. मी दोन्ही प्रश्न एकाच पिशवीत कोंबले. पण खात्रीसाठी कुठे करून बघता येईल का? कागदावरचं गणित मला पटतं, पण झोप लागत नाही.

विदावेल्हाळ

झोपेची गोळी घ्या:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)
x = rng.normal(size=100000)
y = 0.5*x + np.sqrt(0.75)*rng.normal(size=100000)
sel = x > np.quantile(x, 0.8)
print(np.corrcoef(x, y)[0, 1])
print(np.corrcoef(x[sel], y[sel])[0, 1])
print(np.polyfit(x[sel], y[sel], 1)[0])
```

पहिला आकडा ०.५० च्या आसपास येईल. वरचे २० टक्के निवडल्यावर दुसरा ०.२६ च्या आसपास. तिसरा म्हणजे निवडलेल्यांतला उतार, तो पुन्हा ०.५ लाच येऊन टेकेल. तिसरी ओळ मुद्दाम घातली आहे, तिच्याकडे बघत झोपा.

गुरुत्वमध्य

मला हा प्रकार मुळीच पटत नाही. जे ५७८ लोक पहिल्या वर्षाच्या परीक्षेला बसलेच नाहीत त्यांचे गुण तुम्ही काकदृष्टीने बघून आलात काय? विदा ६२ जणांचा, निष्कर्ष ६४० जणांचा. नोकरभरतीच्या संशोधनात हेच करून आकडे वर्षानुवर्षं फुगवले गेले. मिळालेला आकडा आवडला नाही की लावा दुरुस्ती, आहे काय नि नाही काय.

विदावेल्हाळ

गुरुत्वमध्य, तुमचा राग अस्थानी नाही. नोकरभरतीच्या क्षेत्रात खरंच तसं झालं. सर्वसाधारण बुद्धिमत्ता चाचणी आणि कामातली कामगिरी यांच्यातला सहसंबंध श्मिट आणि हंटर यांनी १९९८ साली ०.५१ दिला होता आणि पुढची वीसेक वर्षं तो पाठ करून घेतला गेला. २०२२ मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की यात रेंजची दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त झाली आहे. काही अभ्यासांत उमेदवार निवडून घेतले होते, तिथे पट्टी अरुंद होती. पण पुष्कळ अभ्यास आधीच कामावर असलेल्यांना चाचणी देऊन केलेले होते. तिथे त्या चाचणीवर निवड झालेलीच नव्हती, तरी सगळ्यांना एकच दुरुस्ती फासली. ती काढल्यावर त्यांच्या हिशेबात आकडा ०.३१ वर आला.

म्हणून मी आधी दोन्ही विचलनं मागितली. इथे १२ आणि ५ हे याच लोकांचे मोजलेले आकडे आहेत, दुसऱ्या कुठल्या अभ्यासातून उसने आणलेले नाहीत. तरीही दोन गृहीतकं उरतातच: उतार खालपर्यंत सरळ आहे, आणि विस्कटलेपणा खालीही तेवढाच आहे. ६२ जणांच्या विदेवरून हे तपासता येत नाही, हा तुमचा मुद्दा मी खिशात घालतो.

गुरुत्वमध्य

मग ०.४६ असं दोन दशांशांपर्यंत ठणकावून कशाला सांगता?

विदावेल्हाळ

चूक कबूल. पल्ला द्यायला हवा होता. ६२ जणांत ०.२१ चा ९५ टक्के पल्ला साधारण −०.०४ ते ०.४४ येतो. ही दोन्ही टोकं त्याच रीतीने १२ च्या रुंदीवर नेली की −०.१० ते ०.७६.

गुरुत्वमध्य

हा हा. म्हणजे परीक्षा किंचित उलटं भाकीत करते किंवा फार छान भाकीत करते. आता कसं बोललात!

विदावेल्हाळ

हसा, पण लेखकांचं वाक्य काय आहे ते पुन्हा वाचा. 'परीक्षा काहीच भाकीत करत नाही'. ज्या विदेत ०.७६ ची शक्यता मावते त्यावरून हे वाक्य लिहिता येत नाही. दुरुस्तीमुळे अनिश्चितता कमी होत नाही, उलट ताणली जाते. पट्टी अरुंद असताना आपल्याला किती कमी माहिती होती, ते त्यातून कळतं.

काचनळी

माझा अनुभव नेमका उलट्या बाजूचा, सांगते. मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. नवं यंत्र घ्यायचं ठरलं तेव्हा विक्रेत्याने जुन्या-नव्या यंत्रांची तुलना आणून दाखवली, सहसंबंध ०.९९. आमचे साहेब खूश. मी नमुन्यांची यादी मागितली. पन्नास नमुने, त्यातले बरेचसे नॉर्मल पट्ट्यातले आणि सात-आठ नमुने नॉर्मलच्या पंधरा-वीस पट. ते सात-आठ बाजूला काढून बाकीच्यांचा सहसंबंध काढला तर ०.७ सुद्धा धड येईना. आणि डॉक्टरांचे निर्णय तर त्याच पट्ट्यात होतात!

म्हणजे ठिपकेवालीच्या पेपरात पट्टी अरुंद करून संबंध लपला, आमच्याकडे पट्टी रबरासारखी ताणून फुगवला. यंत्रं तीच, चूक तेवढीच, फक्त नमुने कुठून उचलले त्यावर आकडा नाचतो. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्येच लॅन्सेटमध्ये सांगितलं होतं की दोन मापनपद्धती जुळतात का हे सहसंबंधाने ठरवू नका, दोघांतला फरक काढा आणि तो सरासरीसमोर मांडा. आम्ही शेवटी तेच केलं. नवं यंत्र खालच्या पट्ट्यात सातत्याने जास्त दाखवत होतं. ०.९९ मध्ये याचा मागमूस नव्हता.

कोरा_कागद

काचनळी ताई, पण ते सात-आठ नमुने काढून टाकल्यावर ०.७ च्या आसपास आला तो तरी खरा कशावरून? तुम्हीही पट्टी अरुंदच केलीत की!

काचनळी

अगदी. म्हणूनच ०.७ घेऊन मी भांडायला गेले नाही. फरकाचा आलेख घेऊन गेले.

मुलाखतकार

एक व्यावहारिक शंका. मी अशा निवड समित्यांवर बसलो आहे. प्रवेश खरंच निव्वळ परीक्षेच्या गुणांवर होता का? आमच्याकडे लेखीचे गुण आणि मुलाखत मिळून बेरीज व्हायची. लेखीत कमी असलेला उमेदवार आत यायचा तो मुलाखतीत दणदणीत असला तरच. आणि लेखीत वर असलेला मुलाखतीत ठोंब्या असला तरी आत. परिणाम असा की आत आलेल्यांत लेखी आणि मुलाखत यांचा संबंध चक्क उलटा दिसायचा. आमच्यातले एक सदस्य त्यावर 'हुशार मुलांना बोलता येत नाही' असं व्याख्यान द्यायचे. बाहेर राहिलेल्यांचे, म्हणजे दोन्हीत कमी असलेल्यांचे कागद टेबलावर नसायचेच ना.

विदावेल्हाळ

मुलाखतकारांनी मर्मावर बोट ठेवलं. निवड बेरजेवर झाली असेल तर माझा वरचा हिशेब चालणार नाही. तेव्हा पट्टी सरळ कापलेली नसते, तिरकी कापलेली असते, आणि ज्यावर कापली त्या बेरजेचे आकडे हातात हवेत. निवडलेल्यांत लेखी कमी असलेला प्रत्येक जण दुसऱ्या कुठल्यातरी गुणाने भक्कम असतो, तो गुण पहिल्या वर्षालाही उपयोगी पडतो, त्यामुळे तिथे उतारच मोडतो.

ठिपकेवाली, पद्धतीचा भाग बघून सांगाल का?

ठिपकेवाली

बघितलं. 'प्रवेश केवळ लेखी परीक्षेच्या गुणानुक्रमे' असं स्पष्ट लिहिलंय. हुश्श.

मुलाखतकार

मग दुसरा प्रश्न. ७१ आत आले, ६२ परीक्षेला बसले. ते नऊ कुठे गेले?

ठिपकेवाली

पेपरात एका ओळीत आहे: 'नऊ विद्यार्थ्यांनी वर्ष पूर्ण केले नाही'. बस, इतकंच. त्यांचे प्रवेश परीक्षेचे गुणही दिलेले नाहीत.

मुलाखतकार

झालं तर. नापास होण्याच्या भीतीने गेले असतील तर उभ्या अक्षाचा तळही कापला गेला. घरच्या अडचणीने गेले असतील तर फारसं बिघडलं नाही.

विदावेल्हाळ

आणि खालून कापलं की उतारावरही भरवसा राहत नाही, तो सपाट होतो. नऊ जण म्हणजे आठातला एक. हा भोकाचा भाग मी बुजवू शकत नाही, वाचनगटात तसाच उघडा ठेवा.

आडवातिडवा

मधल्या मध्ये तो बिचारा ०.५० मोकाट फिरतोय, त्याला कोणी धरणार आहे की नाही?

कोरा_कागद

मी धरतो! इथे तरी माझा स्पिअरमन चालेल ना? ताई, पेपरात ठिपक्यांचा आलेख आहे का?

ठिपकेवाली

आलेख आहे आणि पुरवणी फाईलमध्ये २५ जणांचे आकडेही आहेत. तुम्ही विचारल्यावर उघडली आणि पोटात गोळा आला. २४ जण एका गोल पुंजक्यात: सरासरी १० तास, एसडी ६, गुणांची सरासरी ५८, एसडी ८. आणि वर उजव्या कोपऱ्यात एकटा: ४० तास, ९८ गुण. आलेखात रेषा त्या पुंजक्याच्या पोटातून निघून थेट त्या एकट्याला भेटायला गेलीय. त्याला झाकून सहसंबंध काढला तर जवळजवळ शून्य.

विदावेल्हाळ

अरे वा, हे तर तोंडी होण्यासारखं आहे. ४० म्हणजे सरासरीच्या वर ३० तास, भागिले ६, पाच विचलनं. ९८ म्हणजे ४० गुण वर, भागिले ८, तेही पाच. म्हणजे दोन्ही अक्षांवर पाच.

२४ ठिपके, त्यांचा संबंध शून्य. विचलनाच्या मापात त्यांची वर्गबेरीज प्रत्येक अक्षावर २४, गुणाकाराची बेरीज ०. आता एक ठिपका आणा (५, ५) वर. त्याने सरासरीही थोडी स्वतःकडे ओढली, म्हणून त्याचं योगदान २५ नाही, २५ × २४/२५ = २४. म्हणून गुणाकाराची बेरीज ० + २४ आणि वर्गबेरीज २४ + २४ = ४८. सहसंबंध २४ ÷ ४८ = ०.५०.

पेपरातला अख्खा ०.५० हा एका माणसाचा आहे. चोवीस जणांनी त्यात दमडीचीही भर घातलेली नाही.

आडवातिडवा

चोवीस बाराती, एक नवरदेव, आणि अहवालात 'वरातीची सरासरी उंची घोड्याइतकी'.

शंकासुर

पण पी व्हॅल्यू ०.०११ आली आहे ना? म्हणजे हा योगायोग नाही असंच ना?

विदावेल्हाळ

२५ ठिपके आणि ०.५० दिलं की कुठलंही पॅकेज ०.०११ काढून देईल, ठिपके कसे मांडलेत ते न बघता. ती व्हॅल्यू ज्या गृहीतकावर उभी आहे त्यात पाच विचलनांवरचा एकुलता ठिपका बसत नाही. अ‍ॅन्सकोम्बने १९७३ मध्ये अकरा-अकरा ठिपक्यांचे चार संच करून ठेवलेत, चारही ठिकाणी सहसंबंध ०.८२. चौथ्या संचात दहा ठिपके एकाच उभ्या रेषेत, एक लांब. तो लांबचा काढला तर सहसंबंध काढताच येत नाही, कारण आडवा फरकच उरत नाही. तिसऱ्यात उलट: दहा ठिपके जवळजवळ तंतोतंत एका रेषेवर आणि एकाच भरकटलेल्या ठिपक्याने सहसंबंध ०.८२ वर खाली खेचलाय. फुगवणारा आणि लपवणारा, दोघे एकाच कागदावर.

कोरा_कागद

माझा हिशेब ऐका. २५ जणांना क्रमांक दिले. एकटा दोन्हीत २५ वा. बाकी २४ मध्ये क्रमांकांचा संबंध शून्य धरला. सरासरी क्रमांकापासूनच्या वर्गांची बेरीज १३००, एकट्याचं योगदान १५०. १५० ÷ १३०० = ०.१२. स्पिअरमन ०.१२! बघा, म्हातारा अजून चालतो.

विदावेल्हाळ

शाब्बास, बरोबर आहे. म्हणून पिअर्सन आणि स्पिअरमन दोन्ही छापायची सवय चांगली. ०.५० आणि ०.१२ शेजारी दिसले की वाचणारा आलेख उघडतोच. पण त्या एकट्याला काढून टाका असं मी म्हणणार नाही. तो खोटा आहे की तोच एकटा खरा आहे, हे गणिताला माहीत नाही. आठवड्याला ४० तास सराव करणारे आणखी दहा जण मिळाले आणि तेही वरच राहिले, तर लेखक बरोबर ठरतील. १० ते ४० च्या मधला भाग रिकामा आहे, एवढंच आपण सांगू शकतो.

गुरुत्वमध्य

हे मात्र पटलं. काढू नका, शोधा. ४० हा आकडा मला संशयास्पद वाटतो. महिन्याचे तास आठवड्याच्या रकान्यात पडले असतील का? ४० ला ४ ने भागा, बरोबर १० येतात. म्हणजे नेमकी सरासरी!

काचनळी

आमच्याकडे दशांशचिन्ह सरकतं, तुमच्याकडे महिना. सगळीकडे सारखंच.

ठिपकेवाली

गुरुत्वमध्य, करून बघितलं. तास ४० च्या जागी १० टाकले, गुण ९८ तसेच ठेवले. सहसंबंध पुन्हा शून्याला चिकटला. पण मग प्रश्न पडला, ९८ गुण तर अजूनही सगळ्यांच्या वर लटकलेत, तरी काहीच कसं होत नाही?

विदावेल्हाळ

तरफ आठवा. ठिपका आडव्या अक्षाच्या मधोमध असेल तर रेषा नुसती वर उचलली जाते, फिरत नाही. टोकाला असेल तर फिरते. मात्र मधोमध बसलेला असा उंच ठिपका निरुपद्रवी नसतो, तो विस्कटलेपणा वाढवतो. संबंध असेल तर तो लपवतो.

जाता जाता एक. तो विद्यार्थी २५ मध्ये आहे म्हणजे ६२ मध्येही आहेच. त्याचे प्रवेश परीक्षेचे गुण किती?

ठिपकेवाली

काका!! ७४. म्हणजे ६२ जणांची सरासरी, अगदी मधोमध.

थांबा, मी करते. पहिल्या वर्षाची वर्गबेरीज ६२ × १०० = ६२००. हा एकटा ३८ गुण वर, तो काढला की सुमारे १४६८ कमी होतात, उरतात ४७३२. उतार तोच ०.४२, कारण तो मधोमध होता. सहसंबंध ०.२१ × √(६२००/४७३२) = ०.२४. आणि ६४० वर नेला तर ०.४६ च्या जागी ०.५१ येतो.

म्हणजे ज्या एका माणसाने सरावाचा सहसंबंध शून्यावरून ०.५० वर नेला, त्यानेच परीक्षेचा सहसंबंध थोडा खाली दाबला. दोन्ही निष्कर्षांच्या बाजूने त्याने एकट्याने मत दिलंय.

आडवातिडवा

आणि तो बिचारा कुठेतरी सराव करत बसलाय.

कोरा_कागद

पण ताई, ०.२१ चे ०.२४ हा काही मोठा फरक नाही हं. खरा घोळ पट्टीचाच आहे. ठिपक्याचा दोष तिकडे किरकोळ, इकडे शंभर टक्के.

ठिपकेवाली

हो, ६२ मध्ये एक आणि २५ मध्ये एक यातला फरक. तसंच मांडेन.

शंकासुर

आता मी माझं मूळ वाक्य म्हणू का?

ठिपकेवाली

म्हणा, तुमचा हक्कच आहे. :)

गुरुवारसाठी मी तीन आलेख केलेत: एक ६२ ठिपक्यांचा, आडवा अक्ष मुद्दाम ० ते १०० ठेवून, म्हणजे पट्टी किती अरुंद आहे ते दिसेल, दुसरा २५ जणांचा, तिसरा त्यातला एकटा पोकळ वर्तुळ करून, दोन रेषांसह, एक त्याला धरून आणि एक सोडून.

ठिपकेवाली

ताजी खबर: लेखकांपैकी एकांचं उत्तर आलं. सरावाच्या नोंदी कागदी वह्यांत होत्या, ४० ची मूळ नोंद काढून बघतो म्हणालेत. नऊ गळालेल्यांचे प्रवेश गुण कार्यालयाकडे मागितले आहेत, मिळतील की नाही ते सांगता येत नाही. पट्टीच्या मुद्द्यावर मात्र ते म्हणतात, 'आम्ही प्रवेश मिळालेल्यांपुरतंच बोललो आहोत'.

गुरुत्वमध्य

तसं असेल तर 'परीक्षा बंद करा' हे कोणापुरतं बोलले ते विचारा. प्रवेश मिळालेल्यांना तर ती परत द्यायचीच नाहीये.

ठिपकेवाली

विचारलं. वहीची वाट बघतेय, कळलं की इथेच लिहीन.